थकलेल्या बिलाला हप्ते बांधून देताना मेलमध्ये काय लिहायचं

रबाळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याचे इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवणारा एक छोटा कारखाना आहे असं धरू. वागळे इस्टेटमधल्या एका पॅनेलवाल्या पार्टीला त्याने 12 जानेवारी 2026 ला माल पाठवला. मालाचे 4,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 72,000, बिल झालं 4,72,000 रुपयांचं. उधारी 30 दिवसांची ठरली होती, म्हणजे 11 फेब्रुवारीला पैसे यायला हवे होते. एप्रिल उजाडला तरी रुपया आलेला नाही. फोन केला की साहेब साइटवर असतात, नाहीतर अकाउंटंट गावाला गेलेला असतो. आणि मग एक दिवस मालक स्वतःच फोन उचलतो आणि म्हणतो, "एकरकमी नाही जमणार दादा, हप्ते बांधून द्या."

हा फोन खरं तर चांगला आहे. देणं आहे हे समोरचा तोंडाने कबूल करतो आहे. पण तोंडी कबुलीचा पुढे काही उपयोग होत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक जण इथेच "बरं, द्या जमेल तसं" म्हणून फोन ठेवतात. दोन महिन्यांनी मग वाद सुरू होतो: हप्ता किती होता, कधी होता, व्याज सोडलं होतं की नव्हतं, आणि "तुम्हीच तर म्हणालात जमेल तसं द्या". हे सगळं टाळायला एक मेल पुरतो. तो नीट लिहिला पाहिजे, आणि सगळ्यात नीट लिहायचा तो हप्ता चुकला तर काय होईल हा भाग.

मेल लिहायला बसण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: मालाबद्दल काही तक्रार आहे का? रंग उडाला, भोकं चुकली, दहा डबे परत पाठवायचे आहेत, असं काही असेल तर ते आधी मिटवा. तक्रार मनात ठेवून पार्टीने हप्ते मान्य केले, तर शेवटच्या हप्त्याच्या वेळी ती हमखास बाहेर येते आणि तेवढी रक्कम कापून घेतली जाते. तक्रार खरी असेल तर क्रेडिट नोट द्या, आकडा खाली आणा आणि त्या आकड्याचे हप्ते पाडा.

दुसरं म्हणजे हप्ते कसे पाडायचे. 4,72,000 भागिले चार असा हिशेब करू नका. पार्टीच्या हातात पैसा कधी येतो ते विचारा. आपल्या या पॅनेलवाल्याला त्याच्या ठेकेदारांकडून महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पैसे मिळतात. मग हप्ता 5 तारखेला ठेवायचा. 25 तारखेला ठेवलात तर तोवर ते पैसे पगारात आणि पत्र्यात गेलेले असतील. आणि कॅलेंडर उघडून बघा: 5 जुलै 2026 रविवारी येतो, म्हणून तो हप्ता 6 तारखेचा लिहायचा. बारीक गोष्ट आहे, पण "रविवार होता" ही सबब आपणच का द्यायची?

पहिली रक्कम लगेच, चार-पाच दिवसांत मागा. ती किती असावी याला माझ्याकडे ठरलेलं उत्तर आहे: निदान जीएसटीइतकी, इथे 72,000. जानेवारीच्या बिलाचा हा कर कारखानदाराने फेब्रुवारीत रिटर्न भरताना स्वतःच्या खिशातून सरकारकडे भरलेला आहे. पार्टीने बहुतेक त्याचं क्रेडिट घेऊनही टाकलं आहे. म्हणजे ज्या कराचा फायदा तिने घेतला तो अजून दिलेलाच नाही. हे शांतपणे मांडलं की सहसा समोरून वाद होत नाही. आणि जो आज 72,000 काढू शकत नाही तो महिन्याने 1,30,000 कुठून काढणार? पहिली रक्कमच आली नाही तर समजावं की ही योजना नसून वेळ काढणं आहे, आणि पुढचे हप्ते लिहिण्यात अर्थ नाही.

शेवटची तारीख ठरवायलाही जीएसटीच उपयोगी पडतो. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला न दिलेल्या रकमेपुरतं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. पुढे पैसे दिल्यावर ते परत घेता येतं, पण व्याज गेलं ते गेलं. 12 जानेवारीचे 180 दिवस 11 जुलैला संपतात. म्हणून शेवटचा हप्ता 6 जुलैला. यात पार्टीचाही फायदा आहे आणि मेलमध्ये तो तसाच, धमकीच्या सुराशिवाय, सांगता येतो.

तर आकडे असे झाले: 15 एप्रिलला 72,000, 5 मेला 1,30,000, 5 जूनला 1,30,000 आणि 6 जुलैला 1,40,000. बेरीज 4,72,000.

दंड लिहू नका, सवलत लिहा

इथे खरी मेख आहे. राग आलेला माणूस लिहितो: "एकही हप्ता चुकल्यास दररोज 2 टक्के दंड आकारला जाईल." वाचायला जोरदार वाटतं, पण कोर्टात हे वाक्य फारसं टिकत नाही. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याचं कलम 74 नेमकं याच गोष्टीबद्दल बोलतं. करारात दंडाचा कितीही आकडा लिहा, कोर्ट फक्त वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा. त्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत, आणि ती इतकी सरळ आहेत की प्रत्येक धंदेवाल्याने एकदा वाचावीत. एकात हजार रुपयांचं कर्ज 12 टक्के व्याजाने आहे आणि चुकलास तर 75 टक्के व्याज अशी अट आहे. कायदा म्हणतो, हा दंड झाला, इथे वाजवी तेवढंच मिळेल. दुसऱ्यात तेच हजार रुपये पाच समान मासिक हप्त्यांत फेडायचे आहेत आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल अशी अट आहे. कायदा म्हणतो, हा दंड नव्हे, ही अट लिहिली तशी लागू होईल.

म्हणजे हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम मागण्याचा हक्क कायद्याला मान्य आहे, व्याजाचा दर चुकल्यावर अचानक कितीतरी पट करणं मान्य नाही. आपला मेल या दोन उदाहरणांच्या मधून चालवायचा.

व्याजाचं काय करायचं? आपल्या कारखान्याच्या बिलावर आणि पार्टीने सही करून दिलेल्या ऑर्डरमध्येही लिहिलेलं आहे की उशीर झाल्यास वार्षिक 18 टक्के व्याज. म्हणजे 12 फेब्रुवारीपासून व्याज चालूच आहे. ते नव्याने लावायचं नाही, आधीच लागलेलं आहे. 10 एप्रिलपर्यंत 58 दिवस झाले, 4,72,000 वर 13,500 रुपये. आता मेलमध्ये असं म्हणायचं की सगळे हप्ते वेळेवर आले तर हे व्याज आम्ही सोडून देऊ. हप्ता चुकला तर सवलत संपली आणि मूळचंच व्याज, मूळच्याच दराने, मूळच्याच तारखेपासून लागू. शिक्षा म्हणून नवं काहीच लादलेलं नाही. दिलेली सूट अट न पाळल्यामुळे मागे घेतली, एवढंच. कागदावर हा फरक फार मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर पार्टीलाही हे वाचायला बरं वाटतं: वेळेवर दिलं तर आपले साडेतेरा हजार वाचतात हे तिला दिसतं.

बिलावर व्याजाची ओळ छापलेली नसेल तर? कारखाना उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमईडी कायदा 2006 मदतीला येतो. त्यात लेखी मुदत ठरली असली तरी ती 45 दिवसांपलीकडे जात नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज मिळतं. बँक रेट 5.5 टक्के असेल तर हे 16.5 टक्के झालं. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हे व्याज देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. हा हक्क मेलमध्ये नकळत सोडून देऊ नये, म्हणून एक छोटं वाक्य लागतं. ते खालच्या मसुद्यात आहे.

मेल

> विषय: बिल क्र. 318, दि. 12 जानेवारी 2026, थकबाकी रु. 4,72,000, हप्त्यांबाबत
>
> नमस्कार साहेब,
>
> काल, 9 एप्रिल रोजी, आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. बिल क्र. 318 चे रु. 4,72,000 हे 11 फेब्रुवारी 2026 रोजी देय होते व आजपर्यंत पूर्ण बाकी आहेत. मालाच्या दर्जाबद्दल, नगांबद्दल किंवा दराबद्दल आपली कोणतीही तक्रार नाही असं आपण सांगितलं आहे.
>
> आपली सध्याची अडचण लक्षात घेऊन ही रक्कम पुढीलप्रमाणे घेण्यास आम्ही तयार आहोत:
>
> 15 एप्रिल 2026 – रु. 72,000
> 5 मे 2026 – रु. 1,30,000
> 5 जून 2026 – रु. 1,30,000
> 6 जुलै 2026 – रु. 1,40,000
>
> यामुळे बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत पूर्ण रक्कम चुकती होईल व आपल्या जीएसटी क्रेडिटला अडचण येणार नाही. रक्कम ठरलेल्या दिवशी आमच्या खात्यात जमा व्हावी. पाठवताना शेऱ्यात बिल क्र. 318 लिहावं. मे, जून व जुलैच्या हप्त्यांचे, त्या त्या तारखेचे व रकमेचे तीन चेक 15 एप्रिलपर्यंत द्यावेत. हप्ता खात्यात आला की त्याचा चेक परत करू.
>
> अटी:
>
> 1. या बिलावर 12 फेब्रुवारी 2026 पासून वार्षिक 18 टक्के दराने व्याज लागू आहे. वरील सर्व रकमा वेळेवर जमा झाल्यास हे संपूर्ण व्याज आम्ही सोडून देऊ.
>
> 2. कोणतीही रक्कम ठरलेल्या तारखेनंतर 5 दिवसांत पूर्ण जमा झाली नाही, तर आम्ही तसं मेलने कळवू. तो मेल पाठवल्याच्या दिवसापासून उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल व अट 1 मधील सवलत रद्द होईल. अशा वेळी त्या त्या दिवशी बाकी असलेल्या रकमेवर 12 फेब्रुवारी 2026 पासून व्याज व त्यावरील जीएसटी देय राहील.
>
> 3. हप्ते पूर्ण होईपर्यंत नवीन माल आगाऊ रकमेवरच दिला जाईल. नवीन मालासाठी आलेली रक्कम या बाकीत धरली जाणार नाही.
>
> 4. एखादा हप्ता आम्ही उशिरा किंवा अपुरा स्वीकारला, तरी पुढील हप्त्यांच्या तारखा व या अटी बदलत नाहीत. बदल करायचा झाल्यास तो दोन्ही बाजूंनी मेलवर लेखी मान्य केल्यावरच लागू होईल.
>
> 5. हा केवळ पैसे देण्याच्या वेळेतील बदल आहे. मूळ बिल व ऑर्डर कायम आहेत, तसेच कायद्यानुसारचे, एमएसएमईडी कायद्यासह, आमचे हक्क राखून ठेवले आहेत. अट 1 मधील सवलत तेवढी त्याला अपवाद आहे.
>
> हे मान्य असल्यास 13 एप्रिल 2026 सायंकाळी 6 वाजेपर्यंत याच मेलला आपण स्वतः, कंपनीच्या मेलवरून, पुढील उत्तर द्यावं: "बिल क्र. 318 चे रु. 4,72,000 देणं असल्याचं मान्य. वरील हप्ते व अटी 1 ते 5 मान्य." त्या वेळेपर्यंत उत्तर न आल्यास हा प्रस्ताव रद्द समजावा.
>
> आपला,

पार्टी गुजराती किंवा दक्षिणेकडची असेल तर तिला कळेल त्या भाषेत लिहा. वकिली भाषेची गरज नाही. उलट इतक्या सोप्या भाषेत लिहिलेली अट "मला कळलीच नव्हती" असं नंतर म्हणणं अवघड जातं.

आता यातली काही वाक्यं अशीच का, ते सांगतो.

उत्तरात आकडा लिहून घेण्याचा आग्रह आहे तो मुदतीच्या कायद्यामुळे. उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायला उधारीची मुदत संपल्यापासून तीन वर्षं मिळतात, इथे 11 फेब्रुवारी 2029 पर्यंत. ती संपण्याआधी देणेकऱ्याने देणं लेखी आणि सहीनिशी कबूल केलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. मेलवरची कबुलीही कोर्टांनी अशी कबुली म्हणून धरलेली आहे. पण ती पार्टीची हवी. अकाउंटंटने नुसतं "ओके सर" पाठवलं तर तो कोणाच्या अधिकारात बोलला यावर भांडण होतं. मालक, भागीदार किंवा संचालक, आणि ज्या मेलवरून ऑर्डर आली होती तोच मेल. व्हॉट्सॲपवर "मेल पाठवलाय, बघा" एवढंच टाकावं, अटींची चर्चा तिथे करू नये. एक धागा मेलवर आणि अर्धा व्हॉट्सॲपवर झाला की नंतर जुळवणं म्हणजे डोक्याला ताप.

याच संदर्भात एक सवय सोडायला हवी. बरेच जण कुठूनतरी नमुना उचलतात आणि मेलच्या डोक्यावर "विदाउट प्रेज्युडिस" लिहितात, आपले हक्क शाबूत राहतील या समजुतीने. त्या शब्दांचा परिणाम बराचसा उलट होतो. तडजोडीची बोलणी पुराव्यात वापरायची नाहीत या अटीवर झालेली कबुली दिवाणी दाव्यात पुढे आणता येत नाही. जो मेल आपल्याला उद्या कोर्टात दाखवायचा आहे, त्याच्यावर आपणच "हा दाखवू नये" असा शिक्का मारायचा, हे काही बरोबर नाही. हक्क राखायचे तर अट 5 सारखं सरळ वाक्य लिहावं.

अट 2 मध्ये "आम्ही मेलने कळवू" असं आहे. हप्ता चुकला की आपोआप सगळी बाकी देय होईल असंही लिहिता येतं, पण मला ते आवडत नाही. आपोआप म्हटलं की चेक एक दिवस उशिरा वटला तरी योजना मोडली, आणि तुम्ही पुढचा हप्ता गुपचूप घेतलात तर ती मोडली की चालू आहे हे कोणालाच सांगता येत नाही. कळवण्याची अट ठेवली की सूत्रं तुमच्या हातात राहतात आणि एक नेमकी तारीख मिळते. पाच दिवसांची सूटही याचसाठी. बँकेचा सर्व्हर, सुट्टी, सही करणारा भागीदार बाहेरगावी, अशा खऱ्या अडचणी पाच दिवसांत मिटतात. जी पाच दिवसांत मिटत नाही ती बहुधा पैशाची अडचण असते.

अट 3 ज्या घोळासाठी लिहिली आहे तो मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. जुने हप्ते चालू असताना पार्टी नवीन माल मागते, कारखानदारालाही ऑर्डर सोडवत नाही. मग 50,000 येतात आणि कळत नाही ते कशाचे. करार कायद्याप्रमाणे पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा. त्याने सांगितलं नाही तर घेणारा ठरवू शकतो, आणि दोघेही गप्प राहिले तर जुन्या देण्यापासून फिटत जातं. म्हणून शेऱ्यात बिल क्रमांक लिहायला सांगायचा, आणि आल्या दिवशी "आजचे रु. 1,30,000 बिल क्र. 318 च्या मेच्या हप्त्यापोटी मिळाले, बाकी रु. 2,70,000" अशी एका ओळीची पोच द्यायची.

चेकबद्दल. "सिक्युरिटी म्हणून 4,72,000 चा एकच चेक देऊन ठेवा" अशी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात मोठी फट आहे. पार्टीने दोन हप्ते दिले, मग थांबली, आणि तुम्ही पूर्ण रकमेचा चेक लावलात. तो परत आला तरी त्या दिवशी देणं तेवढं नव्हतंच. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केलं की मधे आलेली रक्कम चेकवर नोंदवल्याशिवाय तो पूर्ण रकमेला लावला, तर चेक न वटल्याचा कलम 138 खालचा गुन्हा होत नाही. म्हणून प्रत्येक हप्त्याचा वेगळा चेक, त्याच रकमेचा, त्याच तारखेचा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो लावायचा. परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पार्टीला 15 दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. या तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण 30 दिवसांची नोटीस हुकली तर त्या वेळच्या परतीवरचा हक्क जातो.

मालकाने किंवा त्याच्या भावाने या उधारीला वैयक्तिक हमी दिली असेल, तर त्यालाही हाच मेल पाठवून "मान्य" घ्या. हमीदाराला न विचारता देणेकऱ्याला वाढीव वेळ देण्याचं कबूल केलं तर हमीदार मोकळा होऊ शकतो.

काय लिहायचं नाही तेही सांगतो. "डबे उचलून आणू" हे लिहू नका. माल पार्टीच्या ताब्यात आणि मालकीत गेला की तुमचा हक्क किमतीवर असतो, मालावर नाही. गेटवर टेम्पो पाठवलात तर तक्रारदार ती होईल. तिच्या ग्राहकांना सांगू, पोलिसांत देऊ, असली वाक्यंही नकोत. ती तुमच्याच मेलमध्ये कायमची राहतात.

5 जून येतो आणि पैसे येत नाहीत

समजा पार्टीने 13 तारखेला उत्तर दिलं, 72,000 वेळेवर आले, मेचे 1,30,000 ही आले. जूनचा हप्ता आला नाही, आणि पार्टीने फोन करून सांगितलं की चेक लावू नका, दोन दिवसांत ट्रान्सफर करतो. 6 जूनला एक ओळ पाठवायची: "जूनचा हप्ता जमा झालेला नाही, अट 2 प्रमाणे 10 जूनपर्यंत वेळ आहे." ओरडायचं नाही. चेक मात्र परत द्यायचा नाही.

10 जूनची संध्याकाळ गेली. आता 11 तारखेलाच कळवायचं, पंधरा दिवस वाट बघून नाही. हिशेब आधी करून ठेवा. 12 फेब्रुवारी ते 15 एप्रिल हे 63 दिवस 4,72,000 वर, 14,664 रुपये. 16 एप्रिल ते 5 मे हे 20 दिवस 4,00,000 वर, 3,945. 6 मे ते 10 जून हे 36 दिवस 2,70,000 वर, 4,793. मिळून 23,402 रुपये व्याज. उशिराबद्दल घेतलेलं व्याज हे मालाच्या किमतीतच धरलं जातं, म्हणून त्यावर त्याच 18 टक्क्यांनी जीएसटी, 4,212. मुद्दल 2,70,000. एकूण 2,97,614.

> नमस्कार साहेब,
>
> जूनचा हप्ता रु. 1,30,000 आज 11 जून रोजीही जमा झालेला नाही. 10 एप्रिलच्या मेलमधील अट 2 प्रमाणे कळवत आहोत की उरलेली मुद्दल रु. 2,70,000 आजपासून एकदम देय आहे व व्याजाची सवलत रद्द झाली आहे. 10 जूनपर्यंतचं व्याज रु. 23,402 व त्यावरील जीएसटी रु. 4,212 धरून एकूण रु. 2,97,614. यापुढे मुद्दल फिटेपर्यंत दररोज रु. 133 व त्यावरील जीएसटी. हिशेब सोबत जोडला आहे. जून महिन्याचा चेक आम्ही उद्या बँकेत लावत आहोत.

यानंतर तीन-चार दिवसांत पार्टी पैसे घेऊन आली तर काय, हा प्रश्न दरवेळी येतो. 15 जूनला 1,30,000 आले आणि "आता पूर्वीसारखं चालू ठेवा" असं म्हणाली. चेक बँकेत अडकलेला असेल तर आधी त्याची स्थिती बघा, नाहीतर एकाच हप्त्याचे पैसे दोनदा येऊन नवा गोंधळ होईल. मग तुम्हाला योग्य वाटलं तर पुन्हा संधी द्या, फक्त मेलवर स्पष्ट लिहा: रक्कम मुद्दलात जमा केली, बाकी 1,40,000, हा शेवटचा हप्ता 6 जुलैलाच, व्याजाची सवलत परत दिली किंवा दिली नाही. काहीच न लिहिता पैसे घेतलेत तर अट 4 असूनही पार्टी म्हणेल की योजना चालूच होती, आणि त्या म्हणण्यात थोडं तथ्य वाटेल असं वागणं तुमचंच असेल. माझं मत विचाराल तर मुद्दलाच्या तारखेला एकदा सूट द्यावी, व्याजाची सवलत मात्र परत देऊ नये. फार तर अर्धी. नाहीतर जुलैचा हप्ता ऑगस्टमध्ये येतो.

पैसे आलेच नाहीत तर पुढचे रस्ते उघडे आहेत: चेक परत आला तर 138 ची नोटीस, उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमईडी कायद्याखाली असे थकबाकीचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज, किंवा दिवाणी दावा. यापैकी कशालाही वकिलाकडे जाताना सोबत बिल, ऑर्डर, चलनावरची पोच, 10 एप्रिलचा मेल, त्यावरचं "मान्य", हप्त्यांच्या पोच आणि 11 जूनचा मेल एवढे कागद न्यायचे. मेलच्या नुसत्या प्रिंट काढून ठेवू नका, मूळ मेल खात्यात तसेच राहू द्या, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते मूळ ज्या यंत्रणेत आहे तिच्या आधारे दिलं जातं.

व्याज प्रत्यक्ष हातात आलं की त्याची डेबिट नोट काढायची. त्या व्याजावरचा जीएसटी व्याज मिळालेल्या तारखेला देय होतो, हिशेब पाठवल्याच्या तारखेला नाही. म्हणून 11 जूनच्या मेलसोबत फक्त हिशेबाचा कागद जोडा, आणि 23,402 मधले जेवढे खरोखर येतील तेवढ्याच व्याजाचा कर त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवा.